चिडून दिलेले रिप्लाय शांत करायचे, पण पॉलिसी ढिली होऊ द्यायची नाही

सांगलीत शेतीअवजारांच्या दुकानात बसून व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना उत्तरं देणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे, आणि दुकानातल्या पोरांनी वैतागून टाकलेले मेसेज परत नीट लिहून देणं हे पण माझ्याकडंच येतं. यावर जे सल्ले फिरतात ना, की "सुरुवातीला धन्यवाद म्हणा, तुमची भावना समजू शकतो म्हणा, शेवटी हसरा चेहरा टाका", त्यानं काहीही होत नाही, उलट समोरचा अजून तापतो. म्हणून एक खरं प्रकरण घेऊन सांगतो.

तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार, वीस गुंठे बाग. बॅटरीवरचा फवारणी पंप घेऊन दोन महिने झाले नव्हते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे निघालेले असताना, रात्री पाऊस झाला असताना पंप बंद पडला. पंप दुकानात आणून टाकला, मेकॅनिकनं खोलला, मोटर जळालेली निघाली. मग व्हॉट्सॲपवर सुरू झालं. आमच्या पोराचे चार रिप्लाय असे होते:

"वॉरंटी कार्ड वाचा की. त्यात सगळं लिहिलंय."

"एकदा सांगितलं ना, औषध आत राहिलं की मोटर जळणारच. तुम्ही पंप धुतला नाही त्याला आम्ही काय करणार?"

"सारखे मेसेज करून काय होणार आहे का? मोटरचे पैसे द्यावेच लागतील."

"पाहिजे तर मोटर बसवतो नाहीतर पंप घेऊन जावा."

पोरगं खोटं काही बोललेलं नाही हे आधी बघा. चारही मेसेज कागदावर उतरवा आणि त्यातल्या नुसत्या माहितीखाली रेघ मारा. इथं निघतं एवढंच: औषधाचा साका बसून मोटर जळाली, असली मोटर वॉरंटीत बसत नाही, पैसे लागतील. बाकी सगळा राग आहे, तो सोडून द्या.

मग पॉलिसी स्वतः बघा, पोराच्या मेसेजवरून घेऊ नका. आमची अशी होती की सहा महिन्यांत मोटरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर मोटर फुकट, साका बसून जळाली तर मोटरचे 650 रुपये गिऱ्हाइकाचे पण मजुरी माफ. आणि दुरुस्तीला आलेल्यांसाठी दुकानात एक जादा पंप ठेवलेला असतो, तो दोन दिवस फुकट वापरायला द्यायची मुभा मालकांनी दिलेली. चार मेसेजमध्ये मजुरी माफ आहे हे नाही आणि जादा पंपाचं नाव नाही. भांडणाच्या भरात नेहमी हेच होतं, जे देता येतं तेच सांगायचं राहून जातं. एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या, मेकॅनिकनं खरंच खोलून बघितलंय का. न बघता "साका बसला असणार" असं लिहून पाठवलं आणि निघाला मोटरचाच दोष, तर कितीही गोड लिहा, चूक ती चूकच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तुमचा हाच मेसेज उद्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखवला जाऊ शकतो.

आता पहिली ओळ. त्याची अडचण त्याच्याच शब्दांत लिहा, दोन वाक्यं पुरेत. "आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे नोटीस बोर्डासारखं वाचलं जातं, त्यात ना पाऊस आहे ना फुटवे. ज्याला पावसानं द्राक्षावर येणाऱ्या डाऊनी रोगाची भीती आहे त्याला तुम्ही डाऊनीचं नाव घेतलेलं दिसलं पाहिजे. माफी मागायची ती आधीच्या बोलण्याबद्दल, एकदाच. पॉलिसीबद्दल माफी मागू नका, माफी मागितली की माणूस म्हणतो चूक कबूल आहे ना, मग पैसे का मागताय.

आणि आता ती पायरी जी मला सगळ्यात जास्त जड गेली, पॉलिसीचं वाक्य. राग काढला की माणूस भ्यायल्यासारखं लिहायला लागतो. "बघतो काय होतंय का", "मालकांना विचारून सांगतो", "शक्यतो वॉरंटीत बसत नाही". हे आपल्याला मऊ वाटतं पण आपल्याकडं "बघतो" म्हणजे अर्धं हो असतं. गिऱ्हाईक त्या "बघतो" वर विसंबून घरी जातं, शेजाऱ्याला सांगतं की मोटर फुकट मिळणार, आणि दोन दिवसांनी तुम्ही 650 मागितले की मग जो राग येतो तो पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि या वेळी तो बरोबर असतो. जिथं उत्तर "नाही" असंच आहे तिथं "बघतो" लिहायचंच नाही. "शक्यतो", "सहसा", "बहुतेक" हे शब्द पॉलिसीच्या वाक्यातून काढूनच टाका.

मग कडक वाक्य मऊ कसं करायचं? कडकपणा पॉलिसीत नसतोच, तो दोन जागी असतो. एक म्हणजे त्या बारक्या शब्दांत: "सांगितलं ना", "वाचा की", "करून काय होणार आहे का", "द्यावेच लागतील". हे ना, की, का, च काढून वाक्य परत वाचा, अर्धा राग तिथंच गेलेला असतो. बोलताना हे शब्द हसून म्हणता येतात, लिहिताना हसू दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे "तुम्ही". "तुम्ही पंप धुतला नाही", "तुम्ही मोटर जाळली" असं म्हटलं की माणूस लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो, मी रोज धुतो, माझ्या गड्यानं धुतला, आणि विषय मोटरवरून त्याच्या अब्रूवर जातो. तेच "वॉल्व्हमध्ये साका बसला आणि मोटर जळाली" असं लिहा. कारण तेच, पण कोणाकडं बोट नाही. मोटर काय झाली ते सांगायचं, माणसानं काय केलं ते नाही. आणि जमेल तिथं फोटो जोडा, साका दिसला की तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही.

"पण" वर पण माझं ठाम मत आहे. "तुमची अडचण कळते पण वॉरंटीत बसत नाही" असं एका वाक्यात लिहिलं की पहिला भाग पुसला जातो, वाचणाऱ्याला फक्त "पण" च्या पुढचं दिसतं. अडचणीचं वाक्य पूर्णविराम देऊन संपवा. मग कारण, मग पॉलिसी, आणि दोन्हीच्या मधे "त्यामुळं". कारण आधी आलं की पॉलिसी त्यातून निघाल्यासारखी वाटते, पॉलिसी आधी आली की कारण सबबीसारखं वाटतं. हा क्रम उलटा करून पाठवलेले मेसेज मी बघितलेत, शब्द तेच असतात आणि भांडण होतंच.

"कृपया नोंद घ्यावी" लिहू नका. "ग्राहक महोदय" पण नको. तो पोराला दादा म्हणत असेल तर आपणही दादा, वयस्कर असेल तर काका किंवा मामा, बाई असतील तर ताई.

पॉलिसीनंतर लगेच जे देता येतं ते, वेळ आणि रक्कम आकड्यात. "लवकरात लवकर" नाही. शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असेल. असा तयार झाला:

"दादा, रात्री पाऊस झालाय, फुटवे निघालेत आणि नेमका आत्ता पंप बंद पडलाय. डाऊनीच्या भीतीनं एक दिवसही थांबता येत नाही हे कळतंय. आमचे आधीचे मेसेज तोडून बोलल्यासारखे गेले, त्याबद्दल माफ करा.

मेकॅनिकनं मोटर खोलून बघितली. वॉल्व्हमध्ये औषधाचा साका बसून मोटर जाम झाली आणि जळाली, फोटो सोबत पाठवलाय. साक्यामुळं जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही, त्यामुळं नव्या मोटरचे 650 रुपये तुमच्याकडं येतील. पंपाला सहा महिने झालेले नाहीत, मजुरी आम्ही घेणार नाही.

आजची फवारणी थांबायला नको म्हणून दुकानातला जादा पंप दोन दिवस वापरायला देतो, त्याचं भाडं नाही. संध्याकाळी 7 पर्यंत कधीही या. तुमचा पंप उद्या दुपारी 12 ला तयार मिळेल. नवी मोटर बसवू का?"

चार मेसेजचा हा एक झाला, आणि चारातली एकही खरी गोष्ट सुटलेली नाही. वॉरंटी कार्ड वाचा म्हणण्याऐवजी कार्डात काय आहे तेच सांगितलंय, आणि "पाहिजे तर बसवतो" चा शेवटचा प्रश्न झालाय.

पाठवायच्या आधी एक तपासणी करा. दुकानातल्या दुसऱ्या कोणाला तरी नुसता हा मेसेज वाचायला द्या आणि विचारा, मोटरचे पैसे कोण देणार? त्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर पॉलिसी ढिली झालीय, वाक्य परत लिहा. मग विचारा, हा पंप कोणामुळं बिघडला असं वाटतं? तो पटकन "शेतकऱ्यामुळं" म्हणाला तर "तुम्ही" कुठंतरी राहिलाय.

गिऱ्हाईक एका मेसेजमध्ये गप्प बसेलच असं नाही. बऱ्याचदा पुढचा मेसेज येतो, "म्हणजे माझीच चूक का?" इथं लोक घाबरून नवीन शब्दात तेच परत समजावतात आणि तिथंच फसतात. वाक्याचे शब्द बदलले की माणसाला वाटतं पॉलिसी पण हलतेय, अजून थोडं ताणू. "चूक कोणाची हा विषय नाही दादा, बोर्डो मिश्रण वापरल्यावर साका लवकर बसतो. साक्यामुळं जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही. जादा पंप न्यायला आज येताय का?" मधलं वाक्य अक्षरशः तेच ठेवायचं.

हे मधलं वाक्य व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करून ठेवा, म्हणजे / दाबून पोरं तेच टाकतील, रागात नवीन तयार करणार नाहीत. पहिली ओळ मात्र सेव्ह करू नका, कधीच. डाळिंबवाल्याला फुटव्यांचा आणि पावसाचा मेसेज गेला की सगळ्यावर पाणी पडतं.

दोनदा उत्तर देऊनही तिसरा तापलेला मेसेज आला तर लिहिणं बंद करा आणि फोन लावा. फोन झाला की ठरलं ते दोन ओळीत लगेच टाका: मोटर 650, मजुरी नाही, पंप उद्या 12 ला, जादा पंप परत परवा संध्याकाळपर्यंत.