कोल्हापुरात नव्याने बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी : भिंतीवरचा मोठा कोळी ठेवावा की घालवावा?

कोरड्या मुलखातून कोल्हापुरात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या कुटुंबांना पहिल्या पावसाळ्यात बऱ्याच गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. भिंतींना येणारी ओल, न वाळणारे कपडे आणि मोरीतून वर येणारी झुरळे यांच्या जोडीला एका रात्री तळहाताएवढा तपकिरी कोळी दिवाणखान्याच्या भिंतीवर स्थिर बसलेला दिसतो आणि घरात धावपळ सुरू होते. मीही विदर्भातून येऊन इथेच स्थायिक झालो. ओळखीतल्या नव्या मंडळींचे असे दूरध्वनी दर पावसाळ्यात येतात, म्हणून हा कोळी कसा ओळखावा, खरोखर ज्यांच्यापासून जपून राहावे असे कोळी कोणते आणि त्याला घरात राहू दिल्याने काय साधते, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

हा कोळी बहुतेक वेळा हंट्समन, म्हणजे शिकारी कोळी असतो. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया असे असून उष्ण प्रदेशांतील घरांमध्ये तो जगभर आढळतो. त्याचे शरीर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते, परंतु पसरलेले पाय धरले तर मोठी मादी दहा सेंटिमीटरांपर्यंत जागा व्यापते आणि त्यामुळेच तो आहे त्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. दिवसा कपाटामागे, तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीच्या फटीत दडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर येऊन भक्ष्याची वाट पाहत भिंतीवर बसतो.

ओळखण्याची रीत एका प्रसंगावरून सांगतो. मंगळवार पेठेतील एका जुन्या घराचा तळमजला भाड्याने घेतलेल्या, लातूरकडून आलेल्या एका कुटुंबाने जुलैतील एका रात्री मला बोलावले. कोळी मोरीच्या दाराशेजारी भिंतीवर होता आणि घरातील काकूंच्या हातात केरसुणी तयार होती. आम्ही प्रथम दोन हात अंतरावर उभे राहून बॅटरीच्या उजेडात त्याचे पाय पाहिले. ते खेकड्याप्रमाणे दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आणि भिंतीला लागून होते. शरीर इतके चपटे होते की ते अर्ध्या बोटाच्या फटीतही शिरले असते. पायांवर विरळ काटे आणि बारीक लव होती, दाट केस नव्हते. तोंडाच्या वरच्या बाजूला, डोळ्यांच्या खाली, फिकट पिवळसर आडवा पट्टा होता. आजूबाजूला जाळ्याचा मागमूस नव्हता. एवढ्या खुणा एकत्र जमल्यावर शंकेला जागा उरली नाही. शिवाय तिने पोटाखाली एक पांढरी, गोल, चपटी पिशवी धरलेली होती. ती अंड्यांची पिशवी, म्हणजे ती मादी होती. या पिशवीत दोनशेच्या आसपास अंडी असू शकतात आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत मादी ती सोबत घेऊनच हिंडते. अशा मादीवर केरसुणी मारल्यास पिशवी फाटून अंडी किंवा इवली पिल्ले खोलीभर विखुरतात आणि नको असलेला गोंधळ आणखी वाढतो.

त्या कुटुंबात रांगते मूल असल्यामुळे आम्ही तिला घरात न ठेवता मागच्या पडवीत नेले. त्यासाठी रुंद तोंडाची पारदर्शक बरणी हळूच भिंतीवर तिच्यावर पालथी घातली आणि लग्नपत्रिकेचा जाड कागद भिंत व बरणीच्या कडेमधून सावकाश सरकवला. बरणी तिच्या पायांच्या घेरापेक्षा मोठी असावी, कारण कडेखाली पाय सापडला तर तो तुटतो. हा कोळी अतिशय वेगाने पळतो, म्हणून हालचाल एकदम न करता संथपणे करावी, आणि उघड्या हाताने त्याला धरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दाबला गेल्यास तो चावतो. त्या जागी दुखते आणि थोडी सूज येते, पण ती सर्वसाधारणपणे आपोआप उतरते. साबणाने जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवणे सहसा पुरेसे होते.

घरात नेहमी दिसणारे इतर कोळी याहून निरुपद्रवी आहेत. छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळे करून उलटा लटकणारा, केसासारख्या लांब पायांचा कोळी धक्का लागताच जाळ्यासकट थरथरू लागतो. आपण ज्याला जळमट म्हणतो ते बहुधा त्याचेच जुने, धूळ बसलेले जाळे असते. खिडकीच्या काचेवर टुणटुण उड्या मारत माशीचा पाठलाग करणारा, पुढे दोन मोठे डोळे असलेला एक सेंटिमीटरच्या आसपासचा कोळी तर मान वळवल्यासारखा अंग वळवून आपल्याकडे पाहतो आणि त्याच्यापासून माणसाला भय नाही.

ज्यांच्यापासून जपून राहावे असे कोळी दोन प्रकारचे आहेत आणि त्यांच्या राहण्याच्या जागाच मुळी वेगळ्या आहेत. पहिला विडो गटातील कोळी. मादीचे पोट वाटाण्यासारखे गोल व चकचकीत काळे असते आणि पाठीवर लाल पट्टा किंवा पोटाच्या खालच्या बाजूस डमरूच्या आकाराची लाल खूण असते. याच गटातील तपकिरी जातीत ती खूण नारिंगीकडे झुकते आणि अंड्यांच्या पिशवीवर बारीक काटे दिसतात. महाराष्ट्रात अकोला जिल्ह्यातील कापसाच्या शेतात या गटातील कोळ्याची नोंद झालेली आहे. तो भिंतीवर मोकळा फिरत नाही. रचलेल्या विटा, सरपणाचा ढीग, पालथ्या कुंड्या, न वापरलेली शेड अशा कोरड्या जागी जमिनीलगत वेडेवाकडे पण चिवट जाळे करून त्यात तो राहतो. ते जाळे काडीने तोडले तर तंतू ताणून तटतट तुटल्याचे जाणवते. त्यामुळे ज्यांनी उपनगरांत नवे बांधकाम किंवा मोकळे परसू असलेले घर घेतले आहे, त्यांनी अशा ढिगात हात घालण्यापूर्वी जाड हातमोजे घालावेत आणि बाहेर ठेवलेली पादत्राणे झटकून घालावीत. या कोळ्याचा दंश प्रथम टोचल्याइतकाच जाणवतो, परंतु तासाभरात वेदना वाढत जाऊन दंशाच्या जागी घाम, पाठीत व पोटात पेटके आणि अस्वस्थता सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत लक्षणे वाढण्याची वाटच पाहू नये.

दुसरा प्रकार टॅरेंट्युलाचा. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या जंगलालगतच्या तालुक्यांत ज्यांची बदली झाली आहे, त्यांना त्याची माहिती असणे अधिक गरजेचे आहे. सह्याद्रीत त्याच्या अनेक जाती आहेत. काही जमिनीतील बिळांत राहतात, काही झाडांच्या ढोलीत, आणि पावसाळ्यात मादीच्या शोधात निघालेले नर एखादे वेळी घरात शिरतात. शिकारी कोळ्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे की टॅरेंट्युलाचे शरीर जाड व वजनदार असते, पाय दाट केसाळ व जाडजूड असतात आणि डिवचल्यावर तो पळण्याऐवजी पुढचे पाय उंच उचलून उभा ठाकतो. झाडावरच्या काही जातींच्या पुढच्या पायांची खालची बाजू अशा वेळी गडद पिवळी दिसते. या जातींच्या दंशानंतर स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. असा कोळी घरात आढळल्यास दार बंद करून वन विभागास किंवा गावातील सर्पमित्रास कळवणे हेच योग्य.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लांबट, जळल्यासारखा लाल चट्टा आणि बारीक फोड दिसले की ‘कोळी अंगावरून गेला’ असे सर्रास म्हटले जाते. कोळ्याच्या नुसत्या चालण्याने फोड येत नाहीत. असे चट्टे पुष्कळदा पेडरस नावाच्या एका लहान भुंग्यामुळे येतात. तो सुमारे आठ मिलिमीटर लांब, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा असतो आणि रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाकडे येतो. अंगावर बसल्यावर आपण झोपेत चिरडला की त्याच्या शरीरातील द्रव त्वचेवर पसरतो आणि साधारण एक-दोन दिवसांनी चट्टा उमटतो. म्हणून असा किडा अंगावर दिसल्यास फुंकर मारून उडवावा, चिरडला गेला तर लगेच साबणाने धुवावे आणि झोपण्याच्या खोलीतील दिवा खिडकी उघडी ठेवून जाळू नये.

आता घरातला शिकारी कोळी काही प्रमाणात राहू का द्यावा, याविषयी. मोरी व स्वयंपाकघरात हिंडणारी मोठी तांबडी झुरळे हे त्याचे आवडते खाद्य आहे. झुरळेही रात्रीच बाहेर येतात, त्यामुळे दोघांची वेळ आणि वाट एकच असते. फवारणी करून घेतली की पहिल्या आठवड्यात मेलेली झुरळे दिसतात आणि समाधान वाटते, परंतु या झुरळाची अंडी गडद तपकिरी, कडक कवचाच्या पाकिटात असतात. एका पाकिटात साधारण सोळा अंडी असतात आणि त्या कवचामुळे औषध आतपर्यंत पोहोचत नाही. सुमारे दीड-दोन महिन्यांनी त्यातून पिल्ले निघतात. दरम्यान त्याच फवाऱ्याने भिंतींवरचे कोळी मेलेले असतात. झुरळांची पिल्ले झपाट्याने परत येतात, तर कोळ्याला पूर्ण वाढ होण्यास कित्येक महिने लागतात, आणि म्हणून सरसकट फवारणीनंतर काही महिन्यांनी पूर्वीपेक्षा जास्त झुरळे दिसल्याची तक्रार ऐकू येते. त्याऐवजी ओट्याखाली व सिलिंडरमागे फटींत झुरळांसाठीचे जेल थेंबाथेंबाने लावले, तर भिंती कोरड्या राहतात आणि कोळी बऱ्याच अंशी वाचतात.

मात्र त्यांच्याकडून वाजवीपेक्षा जास्त अपेक्षाही ठेवू नये. एका घरात असे एक-दोनच मोठे कोळी टिकतात, कारण भक्ष्य कमी पडल्यास ते निघून जातात किंवा एकमेकांनाच खातात. उघडे गटार, रात्रभर पडून राहिलेली खरकटी भांडी किंवा मोरीची मोडकी जाळी यांतून झुरळांचा पुरवठा चालू राहिला, तर कोणताही कोळी तो आटवू शकत नाही. डासांच्या बाबतीतही तसेच आहे : उड्या मारणारे आणि लांब पायांचे कोळी काही डास जरूर खातात, पण डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागात पिंप झाकणे व आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडे करणे याला पर्याय नाही.

घरात व्यवस्था अशी ठेवावी : झोपण्याच्या खोलीतील आणि पाळण्याभोवतीची जाळी नियमित काढावीत, देवघर व ओटा स्वच्छ ठेवावा, परंतु मोरी, माळा आणि जिन्याखालची जागा येथील कोळ्यांना हात लावू नये. ज्या जाळ्यात कोळी नाही व धूळ साचली आहे, ते काढून टाकण्यास हरकत नाही. मालकांनी घर देताना फवारणी करून देतो असे सांगितले, तर तीऐवजी मोरीची जाळी बदलून आणि नळाभोवतीची भोके सिमेंटने बुजवून द्यावीत अशी विनंती करावी.