असमान आयुष्याच्या दोन ड्रायरपैकी एक निवडण्यापूर्वीची तयारी

काजूची बी वाफवून फोडली की आतला गर बोरमा ड्रायरमध्ये वाळवावा लागतो, तेव्हा कुठे त्याची तांबूस साल सुटते. वेंगुर्ल्याजवळचा एक लहान प्रक्रिया उद्योजक आजवर गर दुसऱ्याकडे भाड्याने वाळवून घेतो आहे आणि आता स्वतःचा ड्रायर घेण्यासाठी त्याच्यापुढे दोन दरपत्रके आहेत, असे धरून ही तयारीची यादी लिहिली आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत. पहिला ड्रायर रंग दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्याचा असून त्याची किंमत ६ लाख रुपये आणि आयुष्य ४ वर्षे आहे. दुसरा स्टेनलेस स्टीलचा, १० लाखांचा, ६ वर्षे चालणारा आहे. वाचणाऱ्या भाड्यातून इंधन, मजुरी आणि दुरुस्ती वजा केल्यावर पहिल्यापासून वर्षाला २ लाख ५० हजार हाती राहतात. दुसऱ्याला रंगकाम आणि डागडुजी कमी लागत असल्यामुळे त्याच्यापासून २ लाख ९० हजार राहतात.

सर्वप्रथम दोन्हींचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे दरवर्षी हाती राहणाऱ्या रकमा आजच्या किमतीवर आणून त्यांतून खरेदीची किंमत वजा केल्यावर उरणारी रक्कम, काढून कागदावर लिहावे, पण त्यावर निर्णय घेऊ नये. बँकेच्या १२ टक्के व्याजदराने लोखंडी ड्रायरचे हे मूल्य १,५९,३३७ रुपये आणि स्टीलच्या ड्रायरचे १,९२,३०८ रुपये येते. स्टीलचा आकडा मोठा दिसतो खरा, परंतु तो ६ वर्षांच्या कामाचा आहे आणि लोखंडीचा ४ वर्षांचा. पाचव्या आणि सहाव्या वर्षी लोखंडी ड्रायरच्या जागी काय असेल, याचे उत्तर या तुलनेत कोठेच नाही. ड्रायर जुना झाला म्हणून कारखाना बंद होणार नाही, नवा ड्रायर येणारच, ही गोष्ट हिशेबात आणण्यासाठीच पुढच्या दोन पद्धती आहेत.

समतुल्य वार्षिक रकमेच्या पद्धतीत प्रत्येक पर्यायाचे निव्वळ वर्तमान मूल्य त्याच्याच आयुष्यावर समान वार्षिक हप्त्यांत पसरवायचे असते. चार वर्षे, १२ टक्के यांचा वार्षिकी गुणक, म्हणजे चार वर्षे दरवर्षाअखेरीस मिळणाऱ्या एकेका रुपयाची आजची एकूण किंमत, ३.०३७३ आहे, म्हणून १,५९,३३७ ला त्याने भागले की वर्षाला ५२,४५९ रुपये मिळतात. सहा वर्षांचा गुणक ४.१११४ असल्याने स्टीलच्या ड्रायरची वार्षिक रक्कम ४६,७७४ रुपये होते. म्हणजे क्रम उलटला आणि लोखंडी ड्रायर पुढे गेला. संगणकावरच्या एक्सेलसारख्या तक्त्यात लोखंडी ड्रायरचा हा हिशेब दोन ओळींत होतो:

```
=PV(12%,4,-250000)-600000
=PMT(12%,4,-159337)
```

येथे एक नेहमीचा घोटाळा टाळावा. NPV हे तयार सूत्र आपल्याला दिलेली पहिली रक्कम एक वर्षानंतरची समजते. त्यामुळे आज द्यायची किंमत कंसाच्या आत लिहिली तर तीही एका वर्षाने वटवली जाते. किंमत कंसाबाहेर वजा केलेली आहे ना, हे पाहून घ्यावे.

बदली साखळीची पद्धत हाच निकाल दुसऱ्या वाटेने देते. ४ आणि ६ यांचा लसावि १२ आहे, तेव्हा १२ वर्षांत लोखंडी ड्रायर तीनदा आणि स्टीलचा दोनदा घेतला असे मांडावे. लोखंडीचे १,५९,३३७ रुपये आज, तेवढेच चौथ्या वर्षाच्या अखेरीस आणि तेवढेच आठव्या वर्षाच्या अखेरीस मिळतात. नंतरचे दोन आकडे आजच्या किमतीवर आणून बेरीज केली की ३,२४,९५३ होतात. स्टीलचे १,९२,३०८ रुपये आज आणि सहाव्या वर्षाच्या अखेरीस असे मिळून २,८९,७३७ होतात. दर तोच असेल तर दोन्ही पद्धतींचा क्रम कधीही वेगळा येत नाही, म्हणून एक पद्धत दुसरीची पडताळणी म्हणून वापरावी: ५२,४५९ ला १२ वर्षांच्या ६.१९४४ या गुणकाने गुणले असता एखाद्या रुपयाच्या फरकाने ३,२४,९५३ च यायला हवेत. तसे आले नाही, तर बेरजेत कोठेतरी चूक आहे. माझ्या मते हिशेब वार्षिक रकमेने करावा आणि भागीदारांना किंवा घरच्यांना समजावताना साखळी दाखवावी, कारण तीत प्रत्येक खरेदी वर्षासह डोळ्यांसमोर येते. मात्र आयुष्ये ४ आणि ७ वर्षांची निघाली तर साखळी २८ वर्षांची होते, आणि इतकी लांब साखळी कोणी गंभीरपणे वाचत नाही.

गणित एवढेच आहे. खरी तयारी त्यात घातलेल्या आकड्यांची आहे, आणि त्यांतही आयुष्याच्या आकड्याला सर्वाधिक वेळ द्यावा. लोखंडी ड्रायर ४ ऐवजी ३ वर्षेच टिकला, तर त्याची वार्षिक रक्कम ५२,४५९ वरून थेट सुमारे १९० रुपयांवर येते. म्हणजे भाडे भरत राहिलो असतो तरी फारसे बिघडले नसते. स्टीलचा ६ ऐवजी ७ वर्षे टिकला, तर त्याची रक्कम ७०,८८२ होते आणि तोच जिंकतो. एका वर्षाच्या अंदाजावर निर्णय इकडचा तिकडे होत असताना तो अंदाज विक्रेत्याच्या तोंडून आलेला असणे परवडणारे नाही. किनाऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर तसाच पत्रा वापरणाऱ्या कारखान्यात प्रत्यक्ष जाऊन पाहावे. खाऱ्या हवेत रंग सर्वांत आधी सोडतो तो दाराच्या खालच्या कडेला, वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या तळाच्या चौकटीत. तेथे बोटाने दाबून पाहावे. पत्र्याला पोपडे सुटत असतील तर तो ड्रायर कोणत्या वर्षी घेतला, हे विचारून टिपून ठेवावे. गंजाचे कण छताच्या आतल्या बाजूने ट्रेमधल्या गरावर पडू लागले की पंखा आणि नळ्या धडधाकट असल्या तरी त्या यंत्राचे आयुष्य संपले, कारण तो माल कोणताही व्यापारी घेणार नाही.

स्टीलच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. त्याचा सांगाडा सहा वर्षांनीही उभा असेल. पण तापक नळ्या, पंख्याची मोटर आणि नियंत्रण पेटी यांचा मोठा खर्च साधारण त्या सुमारास एकदम येईल, म्हणून ६ वर्षे धरली आहेत. तो खर्च करून यंत्र पुढे चालवायचे ठरल्यास खर्च सातव्या वर्षाच्या खात्यात घालून नव्याने हिशेब करावा. दरपत्रकात स्टीलची प्रत लिहून घेणेही विसरू नये: ३०४ प्रतीवर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात, तर मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत अधिक तग धरते आणि महागही असते.

यानंतर जागेची कागदपत्रे काढावीत. दोन्ही पद्धती असे मानून चालतात की जुने यंत्र गेले की तसेच नवे येईल आणि काम चालूच राहील. शेड भाड्याची असेल आणि करार ६ वर्षांनी संपून पुढे काही ठरलेले नसेल, तर १२ वर्षांची साखळी निरर्थक आहे. अशा वेळी अभ्यासाचा काळ ६ वर्षांचाच धरावा: स्टीलचा ड्रायर एक, आणि लोखंडीचे दोन, ज्यांतला दुसरा दोनच वर्षे वापरून विकायचा. १२ टक्क्यांनी मांडल्यास तो दुसरा ड्रायर सुमारे २ लाख ८८ हजारांना विकला गेला तरच लोखंडी पर्याय स्टीलच्या बरोबरीला येतो. दोन पावसाळे सोसलेल्या लोखंडी यंत्राला नव्याच्या जवळजवळ निम्मी किंमत कोण देईल, याची चौकशी भंगारवाल्याकडे आणि जुनी यंत्रे घेणाऱ्यांकडे आधीच करावी. मला तरी ती अपेक्षा फार वाटते.

कराचा भाग थोडक्यात आटोपता येतो. आयकरात यंत्रसामग्रीवर साधारणपणे १५ टक्के घसारा घटत्या मूल्यावर मिळतो आणि तो यंत्र ४ वर्षे चालणार की ६, हे पाहत नाही. म्हणून घसाऱ्याची करबचत प्रत्यक्ष आयुष्यावर सारखी वाटून टाकू नये. वर्षवार तक्ता सनदी लेखापालाकडून करून घ्यावा आणि वरच्या हिशेबात करोत्तर रकमा घालाव्यात.

शेवटी राहतो दर, आणि यादीतील सर्वांत फसवी जागा हीच आहे. वरच्या हिशेबात लोखंडी ड्रायर आठ वर्षांनीही ६ लाखांनाच मिळेल आणि वाचणारे भाडेही तेवढेच राहील, असे गृहीत धरले आहे. म्हणजे सगळ्या रकमा आजच्या भावाच्या आहेत. बँकेच्या १२ टक्क्यांत मात्र भाववाढीचा अंदाज मिसळलेला असतो. आजच्या भावाच्या रकमांना भाववाढीसकटचा दर लावणे ही विसंगती आहे, आणि तिचा फटका दीर्घायुषी पर्यायाला अधिक बसतो, कारण त्याचा पैसा आधी जातो आणि परतावा उशिरापर्यंत येत राहतो. यंत्राचा भाव आणि भाडे दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतील असे धरले, तर १.१२ ला १.०५ ने भागून भाववाढ वगळलेला खरा दर सुमारे ६.६७ टक्के निघतो. त्या दराने लोखंडी ड्रायरची समतुल्य वार्षिक रक्कम आजच्या भावात सुमारे ७४,२०० आणि स्टीलची सुमारे ८२,४०० येते, म्हणजे निकाल पुन्हा उलटतो. १० टक्के दराला दोन्ही रकमा ६०,००० च्या जराशा वर, एकमेकींपासून तीनचारशे रुपयांच्या अंतरावर येतात. सीमारेषा तेथेच आहे.

तेव्हा विक्रेत्याकडून मागील काही वर्षांची जुनी दरपत्रके मागावीत आणि वाळवणीच्या भाड्याच्या आपल्या जुन्या पावत्या काढून दोन्हींच्या वाढीचा वेग ताडून पाहावा. यंत्र महाग होत गेले आणि भाडे जागच्या जागी राहिले असेल, तर एकच खरा दर दोघांना लावणेही चुकीचे ठरते. अशा वेळी साखळी वर्षवार मांडून चौथ्या, सहाव्या आणि आठव्या वर्षाच्या खरेदीला त्या त्या वेळची वाढीव किंमत लिहावी आणि मग मूळचा १२ टक्के दर वापरावा. वार्षिक रकमेचे आटोपशीर सूत्र तेथे चालत नाही, कारण साखळीतला दुसरा दुवा पहिल्यासारखा राहिलेला नसतो.