'रेट फिक्स आहे' म्हणणाऱ्या कंपनीकडून काय मागायचं

आमचं भोसरीला छोटं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. मोठ्या ऑटो कंपनीचं पहिलं आरएफक्यू आलेल्यांसाठी लिहितोय, कोटेशन वगैरे कसं बनवायचं ते तुम्हाला येत असणार.

परचेसवाला सांगतो की टार्गेट 86 रुपये, यावर एक पैसा नाही. बऱ्याचदा तो खरं बोलत असतो. त्याचा रेट कॉस्टिंगवाल्यांनी पास केलेला असतो आणि दुसऱ्या व्हेंडरच्या शेजारी लावून बघितला जातो, तो वाढवायचा तर त्याला वर उत्तर द्यावं लागतं. पण पेमेंट फायनान्सकडे, गाडी लॉजिस्टिक्सकडे, शेड्यूल प्रॉडक्शन प्लॅनिंगवाल्या पीपीसीकडे. तिथे हललं तर त्याच्या रेटच्या कॉलमला धक्का लागत नाही. म्हणून रेटवर घासाघीस करत बसू नका, दोनदा विचारलं की पुरे.

आता एक पार्ट घ्या. महिन्याला 5000 नग, आमचा रेट 88.50, त्यांचा 86. फरक अडीच रुपयांचा.

सगळ्यात आधी पेमेंट, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण माझं कंबरडं इथेच मोडलं होतं. पीओवर लिहिलेलं असतं '45 दिवस'. कधीपासून 45 ते खाली बारीक अक्षरात असतं, जीआरएनच्या, म्हणजे माल तपासून घेतल्याच्या नोंदीच्या, महिनाअखेरीपासून. म्हणजे बघा, माल 3 जूनला पोचला, क्वालिटीवाल्यांनी बघून जीआरएन 9 ला केला, मोजणी सुरू 30 जूनपासून, 45 दिवस झाले 14 ऑगस्टला, आणि पेमेंट रन फक्त 10 आणि 25 तारखेला, म्हणजे पैसे 25 ऑगस्टला. 83 दिवस! बँकेच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे सीसीचं व्याज 12 टक्के धरलं तर 86 रुपयांवर या जादा 38 दिवसांचे 1 रुपया 7 पैसे जातात. दर नगाला. आणि हे कोटेशनच्या शीटमध्ये कुठेच दिसत नाही, सहा महिन्यांनी सीसी लिमिट कायम वरपर्यंत भरलेली दिसते तेव्हा कळतं. आता आम्ही कोटेशनमध्येच 83 दिवसांचं व्याज धरतो, वरचे 88.50 त्यातूनच आलेत.

म्हणून मागायचं काय, तर दिवस कमी करा असं नाही. '45 दिवसांच्या आत, माल पोचल्याच्या तारखेपासून' एवढी ओळ पीओत घाला म्हणायचं. कायदाही तुमच्या बाजूने आहे. तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर पोचला तोच दिवस धरतात. शिवाय 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट या मुदतीबाहेर गेलं तर कंपनीला तो खर्च आयकरात पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो, मार्चअखेरीला हे फायनान्सवाल्यांना चांगलंच झोंबतं. पण कायद्याची धमकी देऊ नका, पुढचं आरएफक्यू येणार नाही. 'सर, आमच्या सीएने तारखेचं विचारलंय, ऑडिटला तुम्हालाही त्रास नको' एवढंच बोला, समजणाऱ्याला समजतं. (निगोशिएशनचे कोर्स घेणारे डोळ्यात डोळे घालून बसायला शिकवतात. त्यापेक्षा आपल्या सीएला चहा पाजा.)

दुसरं, लॉट. दर आठवड्याला 1250 नग मागवले की महिन्यात चार सेटिंग. एका सेटिंगला तीन तास आणि मशीनचा तासाचा खर्च 500 धरला तर 6000 रुपये, नगाला 1 रुपया 20 पैसे. पंधरा दिवसांनी 2500 उचलले तर 60 पैसे वाचले. पण माल त्यांनी उचलायचा हं, 'तुम्ही बनवा दोनदा आणि ठेवा तुमच्याकडे' याला हो म्हणालात तर पैसे तुमच्याच शेडमध्ये अडकले.

तिसरं गाडी. बऱ्याच कंपन्यांची एकाच फेरीत अनेक व्हेंडरांचा माल उचलणारी मिल्क रनची गाडी भोसरी-चाकण फिरतच असते. आमचा टेम्पो फेरीला 1500, चार फेऱ्यांचे 6000, म्हणजे परत 1.20. त्यांच्या गाडीने उचला म्हटलं तर लॉजिस्टिक्सवाला फारसं कुरकुरत नाही.

बेरीज करा, 1.07 अधिक 0.60 अधिक 1.20, म्हणजे 2.87. रेट 86 च राहिला आणि मागितलेल्यापेक्षा जास्त मिळालं. दरवेळी तिन्ही मिळत नाहीत, घाबरू नका, पेमेंटची ओळ एकटी आली तरी सव्वा टक्का हातात. पण तिन्ही नाकारली तर ऑर्डर सोडा. 'पुढे व्हॉल्यूम वाढेल' यावर घेऊ नका, दर नगाला तोटा असेल तर व्हॉल्यूमने तोटाच वाढतो.

आणि हे सगळं पीओ निघायच्या आधी. निघाल्यावर अमेंडमेंटसाठी तोच परचेसवाला फोन उचलत नाही. ईमेलवर 'ओके' आला म्हणजे झालं असंही नाही, फायनान्स सिस्टीममधला पेमेंट टर्म कोड बघून पैसे सोडतं. पीओची पीडीएफ आली की रेट नंतर वाचा, आधी ती ओळ शोधा, आणि जुनीच असेल तर पहिली गाडी भरू नका.