मुनीम नोकरी सोडून गेल्यावर सामायिक जीमेलचा पासवर्ड बदलताना

यवतमाळकडच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात मुनीम नोकरी सोडून गेला की मालक दुकानाच्या जीमेलचा पासवर्ड लगेच बदलतात. परंतु तेवढ्याने काम होत नाही, कारण खाते उघडतानाच बहुधा त्याचाच मोबाइल क्रमांक रिकव्हरीसाठी दिलेला असतो आणि त्या क्रमांकावर येणाऱ्या कोडने नवा पासवर्डही बदलता येतो. म्हणून आधी रिकव्हरीचा मोबाइल आणि ईमेल मालकाच्या नावावरचे करावेत, मग पासवर्ड बदलावा. जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल पुढील 7 दिवस देऊ शकते, हे ध्यानात ठेवून त्या आठवड्यात सुरक्षेच्या सूचना रोज पाहाव्यात.

त्यानंतर सेटिंग्जमधील फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासावेत. तिथे त्याचा पत्ता असेल, तर पासवर्ड बदलूनही बियाणे कंपन्यांची बिले त्याच्याकडे जातच राहतात, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

जीएसटी व बँकेचे पासवर्ड यानंतरच बदलावेत, कारण त्यांचे कोड याच ईमेलवर येत असतील, तर उलट क्रमाने केलेला बदल व्यर्थ ठरतो. जीएसटी पोर्टलवर मुनिमाचाच मोबाइल नोंदलेला असल्यास तोही बदलून घ्यावा.