तात्पुरत्या प्रवेशपत्राला उत्तर कसे द्यावे : राहिलेल्या कागदपत्रांबद्दल नेमके काय लिहायचे

नाशिकच्या एका कॉलेजात विद्यार्थी विभागाच्या खिडकीत मी बरीच वर्षे काढली. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे एकच वाक्य कानावर पडायचे, "मॅडम, टीसी आजच पाहिजे, नाहीतर माझी सीट जाईल." चौकशी केली की कळायचे, मुलाने महिन्यापूर्वी नव्या विद्यापीठाला 'सर्व कागदपत्रे लवकरात लवकर पाठवतो' असे लिहून दिले होते आणि त्यानंतर दोन्हीकडून कुणी काही बोललेच नव्हते.

यंदा माझ्या भाचीला परराज्यातल्या एका केंद्रीय विद्यापीठात एम.एस्सी.साठी तात्पुरता प्रवेश मिळाला. ती राहते ओझरला आणि बी.एस्सी. केले नाशिकच्या कॉलेजातून, म्हणजे पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. तिचे उत्तर आम्ही दोघींनी बसून लिहिले. ते कसे लिहिले, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी पत्रातल्या तारखा वेगळ्या काढा

पत्र ८ जुलैला आले. त्यात दोन तारखा होत्या. १४ जुलैपर्यंत प्रवेश स्वीकारून फी भरायची होती आणि ३१ ऑगस्टपर्यंत राहिलेली कागदपत्रे द्यायची होती. पुष्कळ मुले या दोन्हींची गल्लत करतात. 'मार्कशीट आल्यावरच उत्तर देऊ' म्हणून थांबतात आणि पहिली तारीखच हुकते.

प्रवेश कुठे स्वीकारायचा तेही पत्रात पाहा. पोर्टलवर बटण दाबायला सांगितले असेल, तर नुसता मेल पाठवून स्वीकार होत नाही. भाचीने पोर्टलवर स्वीकार केला, फी भरली आणि पावती हातात आल्यावर मेल लिहिला. मेल पाठवताना पत्र ज्या पत्त्यावरून आले तोच पत्ता घेऊ नका. तो अनेकदा नुसता पाठवण्यापुरता असतो, उत्तर तिथे कुणी वाचत नाही. प्रवेश विभागाचा पत्ता पत्राच्या आत दिलेला असतो.

कागद कोणत्या क्रमाने मिळतात ते मांडा

तिचे चार कागद राहिले होते : सहाव्या सेमिस्टरची छापील मार्कशीट, कॉलेजचा टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला.

यातले तीन कागद एकमेकांवर अवलंबून असतात. टीसी कॉलेज देते, पण लायब्ररी आणि लॅबचे 'नो ड्यूज' झाल्याशिवाय देत नाही. मायग्रेशन विद्यापीठ देते आणि त्या अर्जाला मार्कशीट व टीसी जोडावे लागतात. म्हणजे मार्कशीट चार दिवस उशिरा आली तर मायग्रेशनही मागे जाते. मुलांचे चुकते ते इथेच. चारही कागदांना ते एकच तारीख लिहून टाकतात.

भाचीला कॉलेजात सांगितले होते की छापील मार्कशीट जुलैअखेर येईल. टीसीला अर्जानंतर आठवडा धरायचा होता. मायग्रेशनला त्यापुढे पंधरा-वीस दिवस. हिशेब थेट ऑगस्टअखेर जाऊन भिडत होता, म्हणजे थोडेही मागे-पुढे झाले तर तारीख हुकणार. ते आम्ही उत्तरातच सांगून टाकायचे ठरवले.

चौथा कागद वेगळ्या वाटेने येतो. तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला होता, पण केंद्रीय संस्थेला केंद्राचा नमुना लागतो. त्यासाठी तिच्या तालुक्याच्या ठिकाणी, निफाडला, स्वतंत्र अर्ज केला. राज्याचा दाखला जोडून 'दाखला सोबत आहे' असे लिहिले असते, तर पडताळणीत तो नाकारला गेला असता.

आणखी एक जपायचे : दुसरीकडच्या प्रवेशाची वाट पाहत असाल तर टीसी काढण्याची घाई करू नका. मूळ टीसी एकदाच मिळतो आणि हरवला तर डुप्लिकेटसाठी प्रतिज्ञापत्रापासून धावपळ करावी लागते.

प्रत्येक कागदाबद्दल तीन गोष्टी लिहा

आज तो कागद कुठे अडला आहे, तो मिळवण्यासाठी तुम्ही काय केले आहे किंवा कोणत्या तारखेला करणार आहात, आणि तोवर त्याच्या जागी काय देत आहात. कागदाचे नाव पत्रात जसे असेल तसेच लिहा. पत्रात 'मायग्रेशन' असताना तुम्ही 'स्थलांतर दाखला' लिहिलात, तर यादीवर खूण करणारा माणूस अडखळतो.

तारीख लिहिताना एक भेद पाळा. जे तुमच्या हातात आहे त्याचे वचन द्या, जे दुसऱ्या कार्यालयाच्या हातात आहे त्याचा फक्त अंदाज सांगा. 'मायग्रेशन २० ऑगस्टला पाठवीन' हे वचन भाची पाळू शकली नसती. 'टीसी मिळताच दुसऱ्या दिवशी अर्ज करीन' हे ती पाळू शकते.

मेल इंग्रजीत गेला. त्यातला मजकूर मराठीत असा :

> विषय : तात्पुरता प्रवेश स्वीकार व प्रलंबित कागदपत्रे, अर्ज क्रमांक …
>
> महोदय/महोदया,
> ८ जुलैच्या पत्रानुसार मी एम.एस्सी. प्रवेश पोर्टलवर स्वीकारला असून फी भरली आहे. पावती सोबत आहे. दहावी, बारावी, सेमिस्टर १ ते ५ च्या मार्कशीट व जातीचा दाखला जोडला आहे.
> पुढील कागद प्रलंबित आहेत :
> १) सेमिस्टर ६ मार्कशीट : निकाल लागला आहे, ऑनलाइन निकालाची प्रत जोडली आहे. छापील प्रत जुलैअखेर अपेक्षित असल्याचे कॉलेजने सांगितले आहे.
> २) टीसी : 'नो ड्यूज' पूर्ण आहे. मार्कशीट मिळाल्याच्या दिवशी अर्ज करीन.
> ३) मायग्रेशन : टीसी मिळाल्यानंतर अर्ज करता येतो. हा कागद ३१ ऑगस्टच्या जवळ येण्याची शक्यता आहे. अर्जाची पावती लगेच पाठवीन.
> ४) ओबीसी-एनसीएल, केंद्रीय नमुना : ९ जुलैला अर्ज केला, पावती जोडली आहे.
> प्रत्येक कागदाचे स्कॅन मिळताच पाठवीन. मूळ प्रती स्पीड पोस्टने पाठवायच्या की प्रत्यक्ष आणायच्या, ते कृपया कळवावे. १० ऑगस्टला मी सद्यःस्थिती पुन्हा कळवीन.
> माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे व आईचे नावही आहे. आधारवर नाव आधी आहे. दोन्ही नावे माझीच आहेत.

शेवटची ओळ लहान वाटते, पण आपल्याकडच्या मार्कशीटवरची नावाची रचना परराज्यातल्या कारकुनाला ओळखीची नसते. फरक फक्त क्रमाचा असेल तर एवढी ओळ बहुधा पुरते. स्पेलिंगच वेगळे असेल तर ते प्रतिज्ञापत्राशिवाय सुटत नाही, म्हणून त्या कामाला आत्ताच लागा.

ऑनलाइन निकाल लागला नसेल तर 'उत्तीर्ण' हा शब्द लिहू नका. 'परीक्षा दिली आहे, निकाल बाकी आहे' असे लिहा आणि प्राचार्यांचे तसे पत्र जोडा.

मुदत मागायची तर आधी मागा

पत्रात 'अन्यथा प्रवेश आपोआप रद्द होईल' असे असेल, तर मुदतीनंतर केलेली विनंती कुणी वाचेलच याचा भरवसा नाही. भाचीची मार्कशीट ५ ऑगस्टला आली. टीसी १२ला मिळाला आणि १३ला तिने मायग्रेशनचा अर्ज केला. १० तारखेचा मेल ठरल्याप्रमाणे गेला होताच. १३ला तिने अर्जाची पावती जोडून फक्त त्या एका कागदासाठी १५ सप्टेंबरपर्यंत मुदत मागितली. बाकीचे तिन्ही कागद तोवर पोचले होते, त्यामुळे विनंती एकाच कागदापुरती राहिली आणि दोन दिवसांत होकार आला.

मायग्रेशन ४ सप्टेंबरला मिळाले. स्कॅन त्याच संध्याकाळी गेले, मूळ प्रत दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने. त्यासोबतच्या मेलमध्ये तिने विचारले, "आता माझ्या प्रवेशातला 'तात्पुरता' हा शेरा निघाला आहे का, ते कृपया लेखी कळवावे." उत्तर यायला आठवडा लागला. तो मेल तिने छापून फीच्या पावतीला टाचून ठेवला आहे.