आयेल्ट्सचा निबंध संगणकावर लिहिताना

‘टायपिंगचा स्पीड वाढवा’ हा सल्ला जो तो देतो. साधा हिशोब करा. निबंधाला, म्हणजे लेखनाच्या दुसऱ्या टास्कला, किमान २५० शब्द लागतात. मिनिटाला २५ शब्द टाइप होत असतील, तरी नुसत्या टायपिंगला दहाच मिनिटं जातात आणि त्या टास्कसाठी साधारण ४० मिनिटं धरलेली असतात. बाकीचा वेळ पुढे काय लिहायचं हे स्क्रीनकडे बघत ठरवण्यात जातो.

सराव मोबाइलवर नको. लॅपटॉपच्या चपट्या कीजची सवय असेल, तर लॅमिंग्टन रोडवरून साधा यूएसबी कीबोर्ड आणा. स्पेलचेक बंद करा, कारण परीक्षेत तो नसतो. आपले नेहमी चुकणारे शब्द तेवढे घोटून घ्या.

आता कच्च्या कागदाकडे. मुलं तिथे अख्खी प्रस्तावना लिहून काढतात आणि मग तीच बघून टाइप करतात. हे करू नका! एकच मजकूर दोनदा लिहिला जातो, शिवाय मान सारखी खाली-वर होते. दुसरं टोक म्हणजे कागदाला हातच न लावणारे. त्यांचा दुसरा परिच्छेद पहिल्याचंच दळण दळतो.

कागदावर चारच ओळी हव्यात आणि त्याही तुटक. समजा प्रश्न आहे, शहरातला सार्वजनिक प्रवास मोफत असावा का? पहिली ओळ आपलं मत: नको. दुसरी: गर्दी, सकाळची विरार लोकल, अडचण तिकिटाची नाही, जागेची, पैसा जादा गाड्यांना. तिसरी: गरिबांचं काय, सरसकट माफी नको, सवलतीचा पास. चौथी: समोरच्याचा मुद्दा, म्हणजे मोफत केल्यास रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, आणि त्याला आपलं उत्तर. प्रत्येक ओळीत एक कारण आणि एक उदाहरण असायलाच हवं. उदाहरण सुचत नसेल तर तो मुद्दा तिथेच खोडा. टाइप केलेला अर्धा परिच्छेद पुसायला कुणाचाच हात धजावत नाही. ह्याला पाच मिनिटं द्या. शेजारचा खडखड टाइप करू लागला म्हणून घाई करू नका. तो कदाचित पहिला टास्क लिहीत असेल.

मग आधी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य टाइप करा, मध्ये मोकळी ओळ सोडा आणि नंतर एकेक परिच्छेद भरा. हातानं लिहिताना ही सोय नव्हती. चुकलेलं अक्षर लगेच बॅकस्पेसनं पुसत बसू नका, वाक्य आधी संपवा. वाक्य हलवायचं असेल तर Ctrl+X आणि Ctrl+V चालतं.

शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते. २८० च्या आसपास थांबा आणि उरलेल्या वेळात शेवटच्या परिच्छेदापासून उलट तपासत या. घाईतल्या चुका तिथेच जास्त असतात.