पुनर्रचनेचा मेमो लिहिताना या चुका टाळा

१७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलोप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेला मेमो ‘हॅलो देअर’ अशा गप्पांच्या सुरात सुरू झाला. मग फोनच्या व्यवसायाचं धोरण. सुमारे १२,५०० लोकांची नोकरी जाणार, हे बरंच खाली आलं. हीच सगळ्यात मोठी चूक. मेमो उघडणारा प्रत्येक जण एकच गोष्ट शोधत असतो: माझं काय?

समजा, पुणे आणि नाशिकचे खरेदी विभाग एकत्र होताहेत. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर काही विभागांचे सुसूत्रीकरण करण्यात येत आहे. कर्मचाऱ्यांनी घाबरून जाऊ नये.’ कोणते विभाग, कधी, किती माणसं, काहीच कळत नाही. ‘करण्यात येत आहे’ म्हटलं की निर्णय कुणी घेतला तेही झाकलं जातं. आणि तोवर न घाबरलेला माणूसही ‘घाबरू नये’ वाचून घाबरतो.

तोच मेमो मी असा लिहीन:

‘१ जुलैपासून पुणे आणि नाशिकचे खरेदी विभाग एकत्र करायचं आम्ही ठरवलं आहे. दोन्हीकडे त्याच पुरवठादारांशी वेगवेगळे व्यवहार होतात, म्हणून हा निर्णय. आज ४२ पदं आहेत, ती ३६ होतील. कोणती ६ पदं कमी होतील हे अजून ठरलेलं नाही. ते १५ मेपर्यंत ठरेल. संबंधितांशी विभागप्रमुख आधी समोरासमोर बोलतील. ३० जूनपर्यंत कुणाच्याही पगारात किंवा कामाच्या ठिकाणात बदल होणार नाही. प्रश्न असल्यास विभागप्रमुखांना किंवा एचआरला विचारा.’

यात धीर देणारं एकही विशेषण नाही. धीर येतो तो तारखांमुळे आणि ‘३० जूनपर्यंत’ या मर्यादेमुळे. इथेच अनेक जण घसरतात आणि ‘कुणाचीही नोकरी जाणार नाही’ असं लिहून टाकतात. महिन्याभरात ते खोटं ठरलं, की पुढच्या खऱ्या मेमोवरही कुणी विश्वास ठेवत नाही. उलटही तितकंच वाईट: ६ जणांची यादी तयार असताना ‘अजून ठरलेलं नाही’ लिहू नका. यादी तयार असेल तर आधी त्या सहा जणांशी बोला, मग मेमो पाठवा.

विभागप्रमुखांना मेमो सगळ्यांबरोबरच मिळाला, तर पहिल्याच प्रश्नाला ते ‘मलाही आत्ताच कळलं’ म्हणतील आणि तुमचा शांत सूर तिथेच संपेल. त्यांना आदल्या दिवशी बसवून अवघड प्रश्नांची उत्तरं ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी तर पाठवूच नका. शनिवार-रविवार विचारायला कुणी नसतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ६ चे ६० होतात.

पाठवण्यापूर्वी मसुदा दुसऱ्या विभागातल्या विश्वासू माणसाला एकदाच वाचायला द्या. कागद परत घेऊन विचारा: काय बदलतंय, कधी, कुणासाठी, कळणार कधी? जिथे तो अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहा.